सहसंबंध आणि कार्यकारणभाव : शोधनिबंधातील चर्चा-विभागाची तपासणी

सहसंबंध आणि कार्यकारणभाव : दोन चल राशींपैकी एकीत फरक पडला असता दुसरीतही ठराविक दिशेने फरक आढळणे यास सहसंबंध म्हणतात. पहिलीत हेतुपुरस्सर बदल केला असता केवळ त्यामुळे दुसरीत बदल घडून येणे हा कार्यकारणभाव होय. शोधनिबंधाच्या निष्कर्ष-विभागात सामान्यतः सहसंबंधाची आकडेवारी जशीच्या तशी दिलेली असते. चर्चा-विभागात लेखक त्या आकडेवारीचा अर्थ सांगतो आणि येथेच ‘आढळला’ याच्या जागी ‘घडवून आणला’ असा बदल अनेकदा नकळत होतो. म्हणून निबंधाचे परीक्षण करताना चर्चेतील प्रत्येक विधान निष्कर्षांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. ही तपासणी कशी करतात, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

रात्रीचा दिवा आणि निकटदृष्टिता : मे १९९९ मध्ये ‘नेचर’ या ब्रिटिश विज्ञान-साप्ताहिकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. नेत्ररुग्णालयात आलेल्या २ ते १६ वर्षे वयाच्या ४७९ मुलांच्या पालकांना, मूल दोन वर्षांचे होईपर्यंत ते रात्री कोणत्या प्रकाशात झोपत असे, हे विचारण्यात आले होते. अंधारात झोपणाऱ्यांपैकी १० टक्के, मंद दिव्यात झोपणाऱ्यांपैकी ३४ टक्के व खोलीतील मोठा दिवा चालू ठेवून झोपणाऱ्यांपैकी ५५ टक्के मुलांमध्ये पुढे निकटदृष्टिता, म्हणजे लांबचे स्पष्ट न दिसण्याचा दोष, आढळला. टिपणाच्या अखेरच्या भागात, जो चर्चा-विभागाचेच कार्य करतो, यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही असे लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. तथापि संबंधाची तीव्रता पाहता बाल्यावस्थेत रात्रीच्या अंधाराचा अभाव हे या दोषाचे एक संभाव्य कारण असल्याचे सूचित होते, असे लगेच पुढे म्हटले होते आणि लहान मुलांना कृत्रिम प्रकाशाविना झोपवणे शहाणपणाचे ठरेल, असाही सल्ला दिला होता. वृत्तपत्रांनी हा सल्ला उचलून धरला व अनेक पालकांच्या मनात आपणच मुलाचे डोळे बिघडविले की काय, अशी शंका उत्पन्न झाली.

तपासणीची पहिली पायरी, क्रियापदे : चर्चा वाचताना प्रथम प्रत्येक विधानातील क्रियापदाखाली रेघ ओढावी. ‘संबंध आढळला’, ‘प्रमाण अधिक होते’ ही निरीक्षणवाचक क्रियापदे होत. ‘परिणाम होतो’, ‘वाढविते’, ‘रोखते’, ‘कारणीभूत ठरते’ ही कारणवाचक होत. ‘संभाव्य कारण’ किंवा ‘सूचित होते’ यांसारख्या शब्दप्रयोगांमुळे विधानाचा जोर कमी होतो, परंतु त्याचा प्रकार बदलत नाही. सौम्य शब्दांत मांडले तरी ते विधान कारणाविषयीचेच राहते. सल्ल्याच्या वाक्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘दिवा मालवावा’ या वाक्यात ‘कारण’ हा शब्द कोठेही नाही. परंतु दिवा मालविल्याने दोष टळेल असे गृहीत धरल्याशिवाय त्या सल्ल्याला काहीच अर्थ उरत नाही. कार्यकारणभाव सिद्ध झाला नसल्याची कबुली देऊन पुढच्याच वाक्यात त्याच्या आधारावर सल्ला देणे, हा चर्चा-विभागातील नेहमी आढळणारा व सहज नजरेतून सुटणारा दोष आहे.

दुसरी पायरी, पर्यायी स्पष्टीकरणे : कारणवाचक विधाने वेगळी काढल्यावर प्रत्येकाबाबत, हीच आकडेवारी अन्य कोणत्या मार्गाने उद्भवू शकेल, असा प्रश्न विचारावा. पहिली शक्यता योगायोगाची. सांख्यिकीय सार्थतेची कसोटी फक्त याच शक्यतेचा विचार करते, हे ध्यानात ठेवणे जरूर आहे. वरील टिपणातील संबंध इतका ठळक होता की, तो केवळ योगायोगाचा मानणे कठीण होते. परंतु योगायोग नाही म्हणजे कारण आहे, असे होत नाही.

दुसरी शक्यता उलट दिशेची : दृष्टिदोषामुळे दिवा ठेवावा लागला असेल काय? प्रकाशाची माहिती पहिल्या दोन वर्षांची असून निकटदृष्टिता बहुधा शालेय वयात प्रकट होते. त्यामुळे ही शक्यता येथे दुर्बल ठरते. तपासणीत एखादी शंका अशी फिटतही असते व तसे नोंदविणे हे परीक्षकाचे कर्तव्यच होय.

तिसरी शक्यता माहिती मिळविण्याच्या रीतीतून उद्भवते. बारा वर्षांच्या मुलाच्या पालकाला दहा वर्षांपूर्वीचा दिवा आठवून सांगावयाचा होता. शिवाय सर्व मुले नेत्ररुग्णालयात आलेली होती. तेथे येणारी मुले सर्वसाधारण मुलांचे प्रतिनिधित्व करतात असे म्हणता येत नाही.

चौथी व सर्वांत महत्त्वाची शक्यता समाईक कारणाची होय. निकटदृष्टिता काही अंशी आनुवंशिक आहे. ज्या मातापित्यांना स्वतःलाच नीट दिसत नाही, त्यांना रात्री उठून बाळाकडे पाहण्यासाठी दिवा लावून ठेवण्याची अधिक गरज भासणे स्वाभाविक आहे. म्हणजे पालकांचा दोष हेच एकीकडे दिव्याचे व दुसरीकडे मुलाच्या दोषाचे मूळ असू शकते. पालकांच्या दृष्टीची माहिती मात्र या पाहणीत गोळा केलेली नव्हती.

केवळ समाईक कारणाने इतका मोठा फरक पडू शकेल काय, हे काल्पनिक आकडे घेऊन पडताळून पाहता येते. समजा, २०० मुलांपैकी १०० मुलांचे पालक निकटदृष्टी आहेत व १०० मुलांचे नाहीत. पहिल्या गटातील ८० घरांत दिवा व २० घरांत अंधार असतो; दुसऱ्या गटात नेमके याच्या उलट असते. दिव्याचा डोळ्यांवर काहीही परिणाम होत नाही असे मानू. पहिल्या गटातील निम्म्या मुलांना व दुसऱ्या गटातील दहांपैकी एकाला हा दोष होतो, मग दिवा असो वा नसो. आता दिव्यात झोपणारी १०० मुले एकत्र घेतली, तर पहिल्या गटातील ४० व दुसऱ्यातील २ मिळून ४२ मुलांना दोष आढळेल. अंधारात झोपणाऱ्या १०० मुलांत पहिल्या गटातील १० व दुसऱ्यातील ८ मिळून १८ मुले सदोष निघतील. दिव्याचा परिणाम शून्य असूनही ४२ टक्के व १८ टक्के असा फरक दिसून येतो. पालकांच्या दृष्टीनुसार मुलांचे दोन गट वेगळे मांडताच तो नाहीसा होतो. दिव्याच्या प्रखरतेबरोबर दोषाचे प्रमाण चढत जाणे हाही निर्णायक पुरावा नव्हे. पालकांची दृष्टी जितकी अधू तितका दिवा मोठा, एवढ्यानेही तशी चढण निर्माण होऊ शकते.

पुढील पडताळणी : मार्च २००० मध्ये त्याच साप्ताहिकात अमेरिकेतील अन्य दोन संशोधकगटांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओहायओ येथील गटाने १,२२० मुलांची माहिती तपासली असता प्रकाशाच्या तिन्ही प्रकारांत निकटदृष्टितेचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे पाचांत एकाच्या आसपास आढळले. बॉस्टन येथील गटालाही दिव्याचा संबंध आढळला नाही. याउलट, निकटदृष्टी पालक मुलांच्या खोलीत रात्री दिवा अधिक प्रमाणात ठेवतात, हे मात्र या पाहण्यांत दिसून आले. पहिल्या टिपणातील आकडे खोटे नव्हते. त्यांवर उभारलेला सल्ला निराधार होता.

तिसरी पायरी, विधानाची दुरुस्ती : दोष दाखवून परीक्षकाचे काम संपत नाही, आकडेवारीला पेलेल असे वाक्य सुचविणे हा त्याचा उत्तरार्ध होय. वरील टिपणाच्या बाबतीत ते पुढीलप्रमाणे होऊ शकले असते : ‘या रुग्णालयात आलेल्या मुलांपैकी, पहिल्या दोन वर्षांत रात्री दिवा असे असे ज्यांच्या पालकांनी सांगितले, त्यांच्यात निकटदृष्टिता अधिक आढळली. पालकांच्या दृष्टिदोषाची नोंद नसल्याने हा संबंध त्यामुळे आला असण्याची शक्यता वगळता येत नाही.’ या वाक्यात तीन गोष्टी आहेत : कोणामध्ये आढळले, काय आढळले व कोणती शक्यता उरली. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ या मोघम वाक्यापेक्षा उरलेल्या शक्यतेचा असा नामनिर्देश अधिक उपयुक्त असतो. कारण पुढील संशोधकाने काय मोजावयास हवे, हे त्यावरून कळते. दुरुस्ती चर्चेपुरती मर्यादित न ठेवता शीर्षक व सारांश यांतही करावी. बहुसंख्य वाचक तेवढेच वाचतात.

तपासणीच्या मर्यादा : निरीक्षणावर आधारलेले प्रत्येक कारणवाचक विधान अग्राह्य मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हा निष्कर्ष माणसांना सक्तीने सिगारेट ओढावयास लावून काढलेला नाही. रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या १९५० च्या पाहणीनंतर वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी तोच संबंध पुन्हा पुन्हा आढळला. धूम्रपान सोडणाऱ्यांमध्ये धोका घटत गेला आणि सुचविलेले कोणतेही समाईक कारण इतक्या मोठ्या फरकाचा उलगडा करण्यास पुरे पडले नाही. हिल यांनी १९६५ मध्ये अशा निर्णयासाठी विचारात घ्यावयाच्या नऊ बाबी मांडल्या. तथापि त्यांपैकी एकही बाब एकटी पुरेशी वा अनिवार्य नाही, हेही त्यांनी बजावले. म्हणून ‘कारण’ हा शब्द दिसताच तो खोडू नये. पर्यायी स्पष्टीकरणे कोणत्या पुराव्याने दूर केली आहेत, हे पाहावे.

जेथे प्रयोग शक्य व निर्धोक असतो तेथे मार्ग अधिक सरळ असतो. निकटदृष्टितेच्याच संदर्भात, घराबाहेर अधिक वेळ घालविणाऱ्या मुलांमध्ये हा दोष कमी असतो, असा सहसंबंध अनेक पाहण्यांत आढळला होता. चीनमधील ग्वांगजो येथे बारा प्राथमिक शाळांपैकी सहा शाळा यादृच्छिक रीतीने निवडून तेथील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवून देण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत या शाळांतील ३०.४ टक्के व उरलेल्या शाळांतील ३९.५ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली. कोणत्या शाळेस तास मिळावा हे पालकांच्या दृष्टीवर वा सवयीवर अवलंबून नव्हते. त्यामुळे येथे, त्या शाळांतील मुलांपुरते, ‘कमी झाली’ हे क्रियापद चर्चा-विभागात वापरण्याचा अधिकार लेखकांना प्राप्त होतो.