पीपीओचं क्लिपिंग नेमकं काय थांबवतं?

पॉलिसी ग्रेडियंटची साधी पद्धत ज्यांनी एकदा तरी चालवून पाहिली आहे, त्यांना तिचा उधळेपणा ठाऊक असतो. एजंट खेळतो, शेकडो पावलांचा अनुभव गोळा होतो, त्यावरून नेटवर्कचे आकडे एकदा किंचित हलतात आणि तो सगळा अनुभव टाकून द्यावा लागतो. हा ग्रेडियंट खरा असतो तो ज्या पॉलिसीने अनुभव गोळा केला तिच्यापुरताच. आकडे हलले की पॉलिसी बदलते आणि हातातला अनुभव जुना होतो. तोच पुन्हा पुन्हा वापरला तर पॉलिसी भलतीकडे वाहवत जाते, आणि एकदा बिघडलेली पॉलिसी पुढचा अनुभवही वाईटच गोळा करते. तिथून सावरणं अवघड असतं.

२०१५ साली जॉन शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीआरपीओ या पद्धतीत यावर उपाय मांडला होता. नवी पॉलिसी जुन्या पॉलिसीपासून ठरावीक अंतरापलीकडे जाणार नाही, अशी गणिती अटच त्यांनी घातली. उपाय पक्का होता, पण राबवायला किचकट. २०१७ मध्ये शुलमन ओपनएआयमध्ये असताना त्यांच्या गटाने प्रॉक्सिमल पॉलिसी ऑप्टिमायझेशन, म्हणजे पीपीओ, आणलं. त्यात एकच अनुभव अनेकदा वापरता येतो. त्यांच्या रोबोटच्या प्रयोगांत २०४८ पावलांचा अनुभव घेऊन त्यावरून १० फेऱ्या केल्या जात. वाहवत जाण्यावरचा लगाम मात्र चार ओळींच्या कोडमध्ये मावतो:

```
ratio = torch.exp(logp_new - logp_old)
s1 = ratio * adv
s2 = torch.clamp(ratio, 1 - eps, 1 + eps) * adv
policy_loss = -torch.min(s1, s2).mean()
```

`ratio` म्हणजे गुणोत्तर: तीच कृती निवडण्याची नव्या पॉलिसीतली शक्यता भागिले अनुभव गोळा करतानाची शक्यता. `adv` म्हणजे ॲडव्हांटेज: ती कृती त्या स्थितीतल्या सरासरी अपेक्षेपेक्षा किती बरी किंवा वाईट ठरली, याचा अंदाज. `eps` बहुधा ०.२ असतो. हे वाचून बहुतेकांचा समज होतो की गुणोत्तर ०.८ ते १.२ च्या बाहेर जाऊच शकत नाही. तो समज चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे एक उदाहरण हाताने सोडवल्यावर स्पष्ट होतं.

कार्टपोल हा खेळ घेऊ. एका गाडीवर काठी उभी आहे आणि दर पावलाला गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ढकलून ती काठी तोलायची आहे. एका स्थितीत जुनी पॉलिसी ०.४ शक्यतेने 'डावीकडे' निवडत होती आणि तिने तेच निवडलं. समजा, या कृतीचा ॲडव्हांटेज अधिक २ आला, म्हणजे कृती चांगली ठरली. दोन-तीन फेऱ्यांनंतर तिची शक्यता ०.५ झाली. गुणोत्तर १.२५. पहिली राशी १.२५ गुणिले २, म्हणजे २.५. दुसऱ्या राशीत गुणोत्तर १.२ वर अडतं, म्हणून ती २.४. दोहोंतली लहान २.४. ही राशी स्थिर आहे. शक्यता आणखी वाढवली तरी ती बदलत नाही, म्हणून ग्रेडियंट शून्य. या नमुन्याकडून जेवढा धडा घ्यायचा होता तेवढा घेऊन झाला.

आता तेच गुणोत्तर ठेवून ॲडव्हांटेज उणे २ धरू. कृती वाईट होती, तरी तिची शक्यता वाढून बसली आहे. असं सहज घडतं, कारण नेटवर्कचे आकडे सगळ्या स्थितींना सामाईक असतात. दुसऱ्या नमुन्यांवरून शिकताना ही शक्यताही वर ओढली जाऊ शकते. इथे पहिली राशी उणे २.५, दुसरी उणे २.४. लहान आहे ती उणे २.५, म्हणजे न कापलेली. ग्रेडियंट जिवंत राहतो आणि शक्यता खाली खेचतो.

शक्यता ०.३ वर घसरली, म्हणजे गुणोत्तर ०.७५ झालं, तर चित्र उलटं होतं. चांगल्या कृतीच्या राशी १.५ आणि १.६, लहान १.५, म्हणून तिला वर खेचणारा ग्रेडियंट चालू राहतो. वाईट कृतीच्या राशी उणे १.५ आणि उणे १.६, लहान उणे १.६, ती कापलेली, म्हणून ग्रेडियंट बंद.

या चारही प्रकारांत एकच नियम दिसतो. योग्य दिशेने पुरेसं अंतर कापून झालं असेल तर ग्रेडियंट थांबतो. चुकीच्या दिशेने गेलं असेल तर परतीची वाट उघडी राहते. ही वाट उघडी ठेवण्याचं काम `min` करतो. तो काढून नुसतं `clamp` ठेवलं, तर चुकीच्या बाजूला हद्दीपलीकडे गेलेल्या नमुन्याचाही ग्रेडियंट शून्य होईल आणि तो नमुना आपली चूक कधीच दुरुस्त करू शकणार नाही.

यावरून क्लिपिंगची मर्यादाही कळते. ते हद्द ओलांडणाऱ्याला मागे ओढत नाही, फक्त पुढे ढकलणं थांबवतं. ज्याचा ग्रेडियंट शून्य झाला आहे त्या नमुन्याची शक्यता बाकीच्या नमुन्यांच्या ओढीने पुढे सरकू शकते. ॲडम ऑप्टिमायझरमध्ये आधीच्या पावलांचा जोर शिल्लक असतो, तोही ढकलतो. शिकण्याचा वेग जास्त ठेवला तर एकाच पावलात गुणोत्तर १.१ वरून थेट १.६ वर पोचू शकतं, कारण पाऊल टाकण्यापूर्वी क्लिपिंगला काहीच गैर दिसलेलं नसतं. २०२० मध्ये लोगन एंगस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी पीपीओ व टीआरपीओची बारकाईने तुलना केली. पीपीओचा बराचसा वरचष्मा क्लिपिंगमुळे नव्हे, तर कोडमधल्या इतर बारीक तजविजींमुळे येतो, असं त्यांना आढळलं.

आता `adv` कडे वळू. वरच्या चार प्रकारांत ग्रेडियंट चालू की बंद, हे गुणोत्तराइतकंच ॲडव्हांटेजच्या चिन्हावर ठरत होतं. ते चिन्ह ठरवतो क्रिटिक. पीपीओमध्ये दोन कामं असतात. ॲक्टर कृतींच्या शक्यता देतो. क्रिटिक प्रत्येक स्थितीची किंमत सांगतो, म्हणजे इथून पुढे एकूण किती रिवॉर्ड मिळेल याचा अंदाज.

कार्टपोलमध्ये दर पावलाला १ रिवॉर्ड मिळतो. पुढच्या रिवॉर्डला दर पावलाला ०.९९ ने कमी लेखायचं ठरवलं आहे. समजा क्रिटिकने आताच्या स्थितीची किंमत ४० सांगितली आणि कृतीनंतरच्या स्थितीची ३८. मग या पावलाचा फरक १ अधिक ०.९९ गुणिले ३८, वजा ४०, म्हणजे उणे १.३८. अपेक्षेपेक्षा वाईट घडलं. पण एका पावलावर निकाल लावणं घाईचं असतं, म्हणून पीपीओ बहुधा जीएई ही रीत वापरतं. तिच्यात पुढच्या पावलाच्या ॲडव्हांटेजचा काही हिस्सा मागे आणला जातो. लॅम्डा ०.९५ धरला तर तो हिस्सा ०.९९ गुणिले ०.९५, म्हणजे साधारण ०.९४. पुढच्या पावलाचा ॲडव्हांटेज अधिक ०.८ असेल, तर आपल्या कृतीचा उणे १.३८ अधिक ०.७५, म्हणजे सुमारे उणे ०.६३ होतो. चिन्ह उणेच राहिलं, पण शिक्षा निम्म्याहून कमी झाली.

क्रिटिक चुकला तर काय होतं, याचा सगळ्यात बोलका नमुना याच खेळात आहे. CartPole-v1 मध्ये डाव ५०० पावलांनंतर आपोआप थांबतो. काठी ताठ उभी असतानाही थांबतो. समजा त्या क्षणी क्रिटिक स्थितीची किंमत ९५ सांगतो आहे. कोड लिहिणाऱ्याने हे वेळ संपल्यामुळे थांबणं आणि काठी पडणं यांत भेद केला नाही, तर पुढची किंमत शून्य धरली जाते. फरक होतो १ वजा ९५, म्हणजे उणे ९४. क्रिटिकला घड्याळ दिसत नाही. त्याला दिसतात गाडीची जागा व वेग आणि काठीचा कोन व त्याचा वेग. त्यामुळे हा धक्का कुठून आला, हे त्याला कधीच उमगत नाही. जीएईमधून ही शिक्षा मागे झिरपते आणि दहा पावलं मागेही जवळपास उणे ५१ इतकी उरते. निर्दोष खेळ झालेल्या कृतींनाच सर्वांत मोठी शिक्षा होते. पुढच्या स्थितीची किंमतही ९५ धरून योग्य हिशेब केला, तर फरक येतो फक्त ०.०५.

अशा वेळी क्लिपिंग वाचवत नाही. उणे चिन्ह मिळालं की ते त्या कृतीची शक्यता ०.८ पटीपर्यंत खुशाल खाली जाऊ देतं, आणि पुढच्या अनुभवावर पुन्हा तेवढीच. क्लिपिंग चुकीचा वेग आवरतं, दिशा सुधारत नाही.

म्हणून प्रशिक्षण चालू असताना तीन आकड्यांवर नजर ठेवावी. स्टेबल-बेसलाइन्स३ या लायब्ररीत ते `clip_fraction`, `approx_kl` आणि `explained_variance` या नावांनी दिसतात. पहिला आकडा हद्दीबाहेर गेलेल्या नमुन्यांचं प्रमाण सांगतो. दुसरा नवी पॉलिसी जुनीपासून किती दूर गेली ते सांगतो. तो चढू लागला तर उरलेल्या फेऱ्या सोडून नवा अनुभव गोळा करणं श्रेयस्कर. तिसरा क्रिटिकचा आहे. तो १ च्या जवळ असेल तर क्रिटिकचे अंदाज प्रत्यक्ष परताव्याशी जुळत आहेत. शून्याच्या आसपास असेल तर नुसती सरासरी सांगितली असती तरी चाललं असतं. उणे असेल तर त्याहूनही वाईट. सुरुवातीला तो खाली असणं स्वाभाविक आहे, पण बऱ्याच काळानंतरही तो शून्यापाशीच घुटमळत असेल तर दुखणं तिथेच आहे.

आणखी एक चाचणी फुकटची आहे. नव्या अनुभवावरच्या पहिल्या फेरीतल्या पहिल्या तुकडीत सगळी गुणोत्तरं १ असलीच पाहिजेत, कारण पॉलिसी अजून बदललेलीच नसते. त्या क्षणी पीपीओ म्हणजे निव्वळ साधा पॉलिसी ग्रेडियंट असतो. तिथे १.०३ किंवा ०.९६ दिसलं, तर जुन्या शक्यता साठवताना किंवा पुन्हा मोजताना कुठेतरी गोंधळ झाला आहे, आणि तो निस्तरल्याशिवाय पुढचं काहीही खरं मानू नये.

पीपीओ बिघडलं की पहिला हात `eps` कडे जातो, ०.२ चे ०.१ करून पाहावेसे वाटतात. त्याआधी क्रिटिक तपासा, डाव संपण्याचा हिशेब तपासा आणि पहिल्या तुकडीतली गुणोत्तरं छापून पाहा. हे तिन्ही ठीक निघाल्यावरच `eps` ला हात लावा.