तीन बरण्या, साठ रुपये

मुलांना खाऊचे पैसे किती द्यावेत यावर आपल्या घरांतून बरीच चर्चा होते. त्या पैशांतून कोणता खर्च मुलाने स्वतः करायचा, हे मात्र बहुतेक वेळा ठरतच नाही. मग पैसे कधी कंपासपेटीत जातात, कधी आजीच्या डब्यात, आणि महिनाअखेर ते कुठे गेले हे कुणालाच आठवत नाही. तीन बरण्यांची पद्धत यासाठी उपयोगी पडते. एक बरणी खर्चाची, एक बचतीची आणि एक दुसऱ्यांसाठी. इंदूरला आमच्या घरी आठ वर्षांच्या लेकीसाठी ती सुरू केली. तिचा हिशेब इथे मांडतो.

बरण्या पारदर्शक हव्यात. मातीच्या गल्ल्यात पैसे दिसत नाहीत आणि तो फोडल्याशिवाय काही करता येत नाही. काचेच्या बरणीत नाण्यांची पातळी चढते-उतरते ती रोज डोळ्यांसमोर असते. आम्ही लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या धुऊन घेतल्या. (वास जायला चार दिवस लागले.)

रक्कम दर रविवारी ६० रुपये, दहाच्या सहा नाण्यांत. तीन नाणी खर्चाला, दोन बचतीला, एक दुसऱ्यांसाठी. साठ रुपये नोटांत मिळाले की सुटे करण्यातच वाटणी राहून जाते, म्हणून नाणी आधीच जमवून ठेवायची. काही दुकानदार दहाचं नाणं घ्यायला कां-कू करतात. सगळ्या नमुन्यांची दहाची नाणी चलनात वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. लेकीला हे सांगून ठेवलं आहे आणि ती ते दुकानदाराला ऐकवतेही.

खर्चाच्या बरणीतून काय घ्यायचं याची यादी आधी ठरवावी लागते. वह्या, पेन्सिली, शाळेचा डबा, कपडे हे आईबाबांचं. चॉकलेट, स्टिकर, चकचकीत खोडरबर, शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा हे तिचं. ही रेघ पक्की नसेल तर बरणी कधी रिकामीच होत नाही, कारण बाबांचा फोन पुढे होतो आणि दुकानाच्या क्यूआर कोडवर पैसे जातात. खर्चाची बरणी महिनाभर भरलेलीच राहिली, तर मूल काटकसरी झालं असं समजू नका. बहुधा आपणच अजून सगळं देत असतो. बाहेर फोनवरून पैसे द्यावेच लागले, तर घरी आल्याबरोबर तिने तेवढी नाणी मोजून माझ्या हातावर ठेवायची, असा आमचा नियम आहे. यावर आजी म्हणाल्या, ‘‘अरे, लेकीकडून कसले पैसे घेतोस?’’ पण ते दहा-वीस रुपये हातातून गेल्याशिवाय तिच्या लेखी ती खरेदी झालेलीच नसते.

गुरुवारीच बरणी रिकामी झाली तर रविवारपर्यंत थांबायचं. उसने नाहीत. मात्र तिने काय घेतलं यावर आपणही बोलायचं नाही, अगदी दोन दिवसांत तुटणारी शिट्टी घेतली तरी. हे पाळणं मुलापेक्षा मोठ्यांना जड जातं.

खरी गंमत बचतीच्या बरणीत आहे. आठ वर्षांच्या मुलाला सहा महिने ही कल्पनाच कळत नाही. म्हणून पहिलं ध्येय १२० रुपयांचं गोष्टीचं पुस्तक ठेवलं, म्हणजे सहा रविवार. ते हातात पडल्यावरच बॅडमिंटनची ४५० रुपयांची रॅकेट ठरली. आठवड्याला वीस म्हटले तर तिला तेवीस आठवडे लागतात, आणि एवढा काळ उत्साह टिकणं कठीण. म्हणून घरचं व्याज सुरू केलं. दर चार आठवड्यांनी बरणीत जेवढे पूर्ण शंभर असतील, त्या प्रत्येक शंभराला पाच रुपये. पोस्टाचं बचत खातं वर्षाला शंभरावर चार रुपये देतं. त्या मानाने आमचा दर अवाच्या सवा आहे, पण वर्षाने मिळणारे चार रुपये या वयाला जाणवत नाहीत.

आता हिशेब पाहा. पहिल्या चार आठवड्यांनी ८० रुपये, शंभर नाहीत म्हणून व्याज नाही. दुसऱ्या महिन्याला १६० आणि व्याज पाच, म्हणजे १६५. तिसऱ्याला २४५ आणि दहा, २५५. चौथ्याला ३३५ आणि पंधरा, ३५०. पाचव्याला ४३० आणि वीस, बरोबर ४५०. तेवीसऐवजी वीस आठवडे.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. दहाव्या आठवड्यात मैत्रिणीकडे चमकणारा भोवरा आला आणि तिला तो हवाच होता. ऐंशी रुपये. बचतीतून काढायला बंदी नाही, पण मागितल्यावर मध्ये एक रविवार जाऊ द्यायचा. तो गेला, तरी भोवरा हवाच होता. मग आम्ही दोघांनी कागदावर दोन रकाने आखले, एक भोवरा घेऊन आणि एक न घेता. भोवरा घेतला तर विसाव्या आठवड्यात बरणीत ४५० ऐवजी ३५५ असणार होते. तिने वजाबाकी दोनदा केली. ‘‘बाबा, भोवरा ऐंशीचा आहे, मग पंचाण्णव कमी कसे?’’ वरचे पंधरा म्हणजे न मिळालेलं व्याज, हे तिने स्वतःच रकान्यांत बोट फिरवून शोधलं. तरीही तिने भोवरा घेतला. रॅकेट चोविसाव्या आठवड्यात आली.

व्याजाला मर्यादा हवी. आमच्याकडे ते फक्त ठरलेल्या वस्तूसाठीच्या रकमेवर मिळतं. दिवाळीत ओवाळणीची पाचशेची नोट बरणीत टाकून व्याज मागितलं जातं, हे अनुभवी पालक ओळखतील. अशा नोटेतले २०० बँकेत जातात, उरलेले ३०० तीन-दोन-एक या हिशेबाने १५०, १०० आणि ५० असे वाटले जातात, आणि ते शंभर पुढच्या ध्येयासाठी वेगळ्या पाकिटात राहतात. खातं सध्या आमच्या सहीने चालतं. दहा वर्षं पूर्ण झाली की बँकेच्या अटींनुसार मुलाला ते स्वतः वापरता येतं.

तिसरी बरणी सर्वांत आधी विसरली जाते. ती नुसतीच भरत राहिली तर समजावं की मुलाला ते पैसे कुठे जाणार हे माहीत नाही. ‘गरिबांसाठी’ म्हटलं की आठ वर्षांच्या मुलापुढे कोणाचाच चेहरा येत नाही. आमची पहिली रक्कम आजीच्या वाढदिवसाच्या मोगऱ्याच्या रोपाला गेली. घरातल्यांना दिलेलं यात मोजावं का, यावर आमचे वाद झाले. मला वाटतं सुरुवात घरातूनच व्हावी. दुसरी गेली गणेशोत्सवाच्या वर्गणीत. पन्नास रुपये पाच रविवारांचे आणि वरचा एक रुपया तिने खर्चाच्या बरणीतून घातला. वर्गणी घ्यायला आलेल्या काकांनी तिच्या नावाने ५१ रुपयांची पावती फाडली. आरतीला तिने प्रसादाचे पेढे मोजले आणि विचारलं, ‘‘यातले माझ्या पैशांचे किती?’’ पेढ्यांचा भाव काढून आम्ही त्याचाही हिशेब केला.

या बरणीतले पैसे परत खर्चात येत नाहीत, एवढा एकच नियम तिथे आहे. कोणाला द्यायचे हे ती ठरवते. सध्या तिच्या मनात गच्चीवरच्या पाखरांसाठी ज्वारी आहे. भाव विचारून आली आहे आणि अजून दोन रविवार कमी पडतात.