धुमसणाऱ्या कंटेनरचं दार

बंदराच्या यार्डात चार मजली थप्पीत एक चाळीस फुटी कंटेनर उभा आहे. बाहेरून ज्वाळा दिसत नाहीत. पण एका बाजूच्या पत्र्यावर रंगाला फोड आलेत, पापुद्रे सुटलेत, आणि दाराच्या रबरी पट्टीतून धुराची बारीक रेघ येतेय. आपल्यापैकी कुणीही तिथे असतं तर पहिला विचार एकच आला असता, दार उघडा आणि पाणी मारा. घराला आग लागली की आपण तेच करतो. कंटेनरच्या बाबतीत मात्र माणसं याच क्षणी दगावू शकतात, म्हणून आत काय चाललेलं असतं ते नीट समजून घ्यायला हवं.

समजा, आत बार्बेक्यू-हुक्क्यासाठी लागणारा लाकडी कोळसा आहे. ताजा कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो आणि शोषताना गरम होतो. भट्टीतून काढून पुरेसा निवू न देता त्याची पोती एकमेकांवर रचली, तर मधल्या पोत्यातली उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. ती साठते, तापमान चढतं, आणि कुणी काडी न लावता कोळसा पेटतो.

आता हिशेब करू. चाळीस फुटी कंटेनरची पोकळी साधारण 67 घनमीटर. त्यातली निम्मी जागा हवेची धरली तर आत जवळपास 9 किलो प्राणवायू असतो. एवढ्यात पूर्णपणे जळू शकतो जेमतेम साडेतीन किलो कोळसा. माल मात्र टनांनी भरलेला. म्हणजे आग भडकण्याआधीच तिची हवा संपते. ज्वाळा विझतात, पण निखारे विझत नाहीत. दाराच्या फटींतून आणि वरच्या कोपऱ्यांजवळच्या हवेच्या बारीक भोकांतून झिरपणाऱ्या हवेवर ते दिवसचे दिवस धुमसत राहतात.

धुमसणं म्हणजे अर्धवट जळणं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. हा वायू विषारी आहे हे बहुतेकांना माहीत असतं, पण तो पेट घेतो हे सहसा लक्षात येत नाही. पोती, पुठ्ठा, लाकडी पॅलेट तापले की त्यांचीही ज्वालाग्राही वाफ त्यात मिसळते. गरम इंधनवायूंनी पेटी भरलेली असते आणि निखाराही तयार असतो. कमी असते ती फक्त हवा, आणि दार उघडणारा माणूस नेमकी तीच आत सोडतो.

दार उघडलं की गरम वायू वरच्या बाजूने बाहेर येतो आणि थंड हवा जमिनीलगत आत सरकते. ती निखाऱ्यापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, कधी काही मिनिटंही. तेवढा वेळ काहीच घडत नाही, आणि धोका टळला असं वाटून माणूस आत डोकावतो. मग मिश्रण जुळतं आणि आगीचा लोळ दारातून बाहेर फेकला जातो. अग्निशामक दलात याला बॅकड्राफ्ट म्हणतात. कंटेनरला एकाच टोकाला दार असतं, त्यामुळे सगळा दाब तिकडेच निघतो आणि समोरच्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

हा मधला फसवा वेळ अमेरिकेत एका प्रसंगात तपशिलाने नोंदला गेला. जागा बंदराची नव्हती, पण पेटी कंटेनरसारखीच होती. 19 एप्रिल 2019 रोजी ॲरिझोनातल्या सरप्राइज गावी वीज साठवणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांच्या बंदिस्त खोलीतून पांढरा धूर येऊ लागला. आतली स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा सुटली होती. प्रशिक्षित पथक आलं. त्यांनी घाई केली नाही, उपकरणांनी वायू मोजले, तासन्‌तास वाट पाहिली. वाफ कमी झाल्यावर रात्री आठच्या सुमारास दार उघडलं. तीनेक मिनिटांत स्फोट झाला. एक अधिकारी सुमारे सत्तर फूट लांब फेकला गेला आणि चौघे जवान गंभीर जखमी झाले. ज्वाळा नव्हत्या, पण तापलेल्या बॅटऱ्यांनी सोडलेला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड आत साचून होता. धूर ओसरला म्हणजे आग गेली, असा अर्थ काढता येत नाही, तो यासाठी.

मग नुसतं बंद ठेवून आग गुदमरवावी का? कोळशाच्या बाबतीत दार बंद ठेवून थंड करणं बरोबर आहे, पण सगळ्या मालाला हा नियम लागू नाही. काही रसायनं स्वतःचा प्राणवायू स्वतःच बाळगतात. 4 जून 2022 च्या रात्री बांगलादेशात चितगावजवळच्या सीताकुंडा इथे कंटेनर डेपोला आग लागली. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवलेलं होतं. ते स्वतः जळत नाही, पण तापलं की फुटून प्राणवायू आणि वाफ सोडतं, आणि बंद पत्र्यात दाब वाढतच जातो. आपण कशावर पाणी मारतोय हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, असं अग्निशामक दलाने नंतर सांगितलं. एक तरुण कामगार फोनवरून आगीचं थेट प्रक्षेपण करत उभा होता. स्फोट झाला आणि तोही त्यात गेला. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास पोचला. त्यांत किमान नऊ अग्निशामक होते.

म्हणून पत्र्याला हात लावण्याआधी हवा असतो तो कागद. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरांचा आणि सात आकड्यांचा क्रमांक असतो. त्यावरून आतला माल कळायला हवा, पण कागदही खोटं बोलतो. धोकादायक माल म्हणून नोंद केली की भाडं वाढतं, अटी लागतात, काही कंपन्या माल घेतच नाहीत. मग नाव बदललं जातं. 2021 च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात बंदराकडे निघालेला एक कंटेनर महामार्गावरच पेटला. कागदावर संगणकाचे सुटे भाग होते, आत टाकाऊ लिथियम बॅटऱ्या. असं खोटं नाव लिहिणाऱ्याला मी निव्वळ कागदी चूक करणारा मानत नाही. दारासमोर उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव तो पणाला लावतो. मुंबईने हे फार पूर्वी सोसलं आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी धुमसत होत्या आणि त्याच जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती. धोक्याचा लाल बावटा जहाजावर चढवलेलाच नव्हता. स्फोटात 66 अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस पाळला जातो.

कोळशाच्या बाबतीत आता पळवाट अरुंद झाली आहे. 1 जानेवारी 2026 पासून समुद्रमार्गे जाणारा लाकडी कोळसा धोकादायक माल म्हणूनच नोंदवावा लागतो. भरण्याआधी तो 14 दिवस निवलेला असावा, भरताना 40 अंशांहून गरम नसावा आणि मालाच्या वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा राहावी, अशा अटी आहेत.

तरीही धूर आलाच, तर जाणती माणसं लांबून उष्णतादर्शक कॅमेऱ्याने पत्रा तपासतात आणि गरम पट्टा कुठे आहे ते पाहतात. कंटेनर हलवणं सुरक्षित असेल तर थप्पीतून काढून मोकळ्यावर नेतात, आजूबाजूच्या पेट्यांवर पाणी सोडून त्या थंड ठेवतात. आत पाणी घालायला दार लागत नाही. टोकदार नळी पत्र्यात घुसवून बारीक तुषार सोडतात. तापमान उतरून तसंच टिकलं, वायूंचं मोजमाप पुन्हा पुन्हा सुरक्षित आलं, की मगच दाराचा विचार होतो. तेव्हाही समोर कुणी उभं राहत नाही. भरलेले पाइप तयार असतात आणि बाजूने, लांबून, एकच फळी किंचित सैल केली जाते.

मग पोती एकेक करून बाहेर येतात. वरून पोतं थंड असतं, ओलं असतं. ते फाडून कोळसा जमिनीवर पसरला की मधले तुकडे कधी कधी अजून लाल असतात.