विश्लेषण : मृत्युपत्र नोंदवलेले, तरी न्यायालयात का अडकते?

मृत्युपत्र केले, दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंदणीही झाली, म्हणजे आता काळजी नाही, असे अनेक घरांत समजले जाते. मृत्युपत्राचा कस मात्र ते करणारी व्यक्ती गेल्यानंतर लागतो. वारसांपैकी एकाने हरकत घेतली की न्यायालयात पहिली चर्चा होते ती खाली सही केलेल्या दोन साक्षीदारांची. या दोन सह्या नेमक्या कशा व्हायला हव्यात, मृत्युपत्र रद्द कसे होते आणि प्रोबेटमध्ये काय सिद्ध करावे लागते, ते पाहू.

मृत्युपत्र वैध ठरण्यासाठी काय लागते?

हिंदू, बौद्ध, शीख, जैन, ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्रांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र करणारी व्यक्ती सज्ञान आणि ते करताना शुद्धीवर, म्हणजे आपण काय करतो आहोत हे समजण्याच्या स्थितीत असली पाहिजे. फसवणूक, जबरदस्ती किंवा दडपण आणून करवून घेतलेले मृत्युपत्र टिकत नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, वकिलाकडूनच लिहून घ्यावे लागत नाही, भाषेची अट नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलेले मराठी मृत्युपत्रही पूर्ण वैध असू शकते.

कायदा काटेकोर आहे तो सह्यांबाबत. कलम ६३ नुसार मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि किमान दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित करायचे. प्रत्येक साक्षीदाराने एक तर त्या व्यक्तीला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझीच’ असे तिने त्याला स्वतः सांगितलेले असावे. त्यानंतर साक्षीदाराने तिच्यासमोरच आपली सही करायची. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असले पाहिजेत, असे बंधन नाही. मृत्युपत्रात काय लिहिले आहे हे त्यांना माहीत असण्याचीही गरज नाही.

मग चूक कुठे होते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डोंबिवलीतील ७६ वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांनी २०१९ मध्ये मृत्युपत्र केले. पत्नी हयात नाही. एक मुलगा, एक मुलगी. शेवटच्या काळात सांभाळणाऱ्या मुलीला ८० लाखांचा फ्लॅट आणि मुलाला २० लाखांच्या ठेवी, अशी वाटणी त्यांनी लिहिली. शेजाऱ्यांना घरी बोलावून त्यांच्यासमोर सही केली आणि शेजाऱ्यांनीही लगेच सही केली. दुसरे साक्षीदार म्हणजे नेहमीचे डॉक्टर. ते त्या दिवशी येऊ शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगी कागद घेऊन दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांनी ओळखीखातर सही केली. पुढच्या आठवड्यात नोंदणी झाली. तिथे ओळख पटवायला दोन वेगळेच परिचित गेले होते.

कागद पाहिला तर सगळे जागच्या जागी आहे. पण डॉक्टरांनी सही होताना पाहिली नाही, आजोबांनी त्यांना ‘सही माझी’ असे सांगितले नाही आणि डॉक्टरांची सहीही आजोबांच्या गैरहजेरीत झाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने येथे साक्षीदार एकच. नोंदणीच्या वेळी आलेल्या दोघांनी केवळ ओळख पटवण्यासाठी सही केली असेल, तर ते आपोआप साक्षांकन करणारे साक्षीदार ठरत नाहीत.

मृत्युपत्र फेटाळले गेले तर आजोबा मृत्युपत्राविना गेले, असे धरले जाईल. मग हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे एक कोटीच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी होतील. मुलीच्या वाट्याला ८० ऐवजी ५० लाख येतील. राहते घर टिकवायचे तर तिला भावाला ३० लाख मोजावे लागतील.

नोंदणीमुळे काहीच फायदा होत नाही का?

होतो, पण मर्यादित. मूळ प्रत हरवली तरी नोंद राहते, तारखेवरून वाद होत नाही आणि ती व्यक्ती स्वतः निबंधकांसमोर आली होती, हे दाखवता येते. साक्षांकनाच्या पुराव्याची जागा मात्र नोंदणी घेत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ नुसार साक्षीदारांपैकी कोणी हयात असेल आणि साक्ष देण्यास सक्षम असेल, तर किमान एकाला न्यायालयात तपासावेच लागते. इतर काही नोंदणीकृत दस्तऐवजांना या अटीतून सूट मिळते. मृत्युपत्राला मिळत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्येही हाच नियम होता.

एक साक्षीदार पुरेसा असला, तरी त्याला दोघांच्याही साक्षांकनाबद्दल सांगता आले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला. त्या खटल्यात एकच साक्षीदार तपासला होता आणि त्याच्या साक्षीतून दुसऱ्याचे साक्षांकन सिद्ध होत नव्हते. दुसरा साक्षीदार उपलब्ध असूनही त्याला बोलावले नव्हते. मृत्युपत्र सिद्ध झाले नाही, असा निर्णय झाला. म्हणून डोंबिवलीच्या उदाहरणात शेजारी कितीही प्रामाणिकपणे बोलले, तरी ‘डॉक्टरांनी कधी सही केली ते मला माहीत नाही’ या एका वाक्यावर प्रकरण अडते. डॉक्टरांना बोलावले आणि त्यांनी खरे सांगितले, तर ते तिथेच संपते.

दोन्ही साक्षीदार आधीच मरण पावले असतील, तर? अशा वेळी किमान एका साक्षीदाराचे आणि मृत्युपत्र करणाऱ्याचे हस्ताक्षर ओळखणाऱ्यांकडून सिद्ध करता येते. तरीही साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडणे सोयीचे.

सह्या ठीक असूनही संशय कशामुळे येतो?

१९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी याची चौकट घालून दिली आणि न्यायालये आजही तिचाच आधार घेतात. थरथरती, शंकास्पद सही, खंगलेली मानसिक अवस्था, जवळच्या वारसांना कारणाशिवाय वगळणे, ज्याला मोठा लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेणे, या संशयास्पद बाबी ठरतात. त्या दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. वारसाला वगळले म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही, पण कारण दोन ओळींत लिहिलेले असेल तर प्रश्नाचे उत्तर कागदातच मिळते. ज्याला लाभ होणार त्याने कागद घेऊन फिरू नये, हे यासाठीच.

मृत्युपत्र रद्द कसे होते?

ते करणारी व्यक्ती शुद्धीवर असेतोवर मृत्युपत्र कितीही वेळा बदलू किंवा रद्द करू शकते. कलम ७० मध्ये त्याचे मार्ग दिले आहेत. नवे मृत्युपत्र किंवा पुरवणी करणे. रद्द केल्याचे लेखी निवेदन, तेही दोन साक्षीदारांसह करणे. किंवा रद्द करण्याच्या हेतूने मूळ कागद स्वतः फाडणे वा जाळणे. हे काम दुसऱ्याकडून करवून घेता येते, पण स्वतःच्या सांगण्यावरून आणि समोरच. नाराज मुलाने वडिलांच्या मागे कागद फाडला, तर मृत्युपत्र रद्द होत नाही. नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या, नोंदणी न केलेल्या पण नीट साक्षांकित मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकते. त्यामुळे नव्या मृत्युपत्रात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे लिहून तारीख घालणे महत्त्वाचे.

खाडाखोड करून मात्र काम होत नाही. आपल्या उदाहरणातील आजोबांनी २०२२ मध्ये ठेवींच्या ओळीवर रेघ मारून वर नातीचे नाव लिहिले आणि बाजूला फक्त आपली सही केली, असे समजू. साक्षीदारांच्या सह्या नसल्याने कलम ७१ नुसार हा बदल लागू होणार नाही. रेघेखालचा मूळ मजकूर वाचता येतो, तोवर तोच कायम राहील.

ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तींच्या बाबतीत विवाहानंतर आधीचे मृत्युपत्र सर्वसाधारणपणे आपोआप रद्द होते. हिंदूंना हा नियम लागू नाही.

प्रोबेट म्हणजे काय आणि त्यात काय घडते?

हे मृत्युपत्र खरे, शेवटचे आणि रीतसर केलेले आहे, असा न्यायालयाचा शिक्का म्हणजे प्रोबेट. मृत्युपत्रात व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर नेमलेला असेल, तर त्यालाच प्रोबेट मिळते. तसा कोणी नेमला नसेल, तर लाभार्थ्याला मृत्युपत्र जोडून ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ मागावी लागतात.

अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा मुंबईत उच्च न्यायालयात होतो. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूची तारीख, मालमत्तेची यादी आणि शक्य असेल तर एका साक्षीदाराचे सत्यापन जोडले जाते. वारसांना सूचना जाते. मृत्यूला सात दिवस झाल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही. कोणी हरकत, म्हणजे ‘कॅव्हेट’ दाखल केले नाही तर काम तुलनेने सोपे असते. हरकत आली की तोच अर्ज दाव्यासारखा चालतो आणि साक्षीदारांची उलटतपासणी होते.

फ्लॅट खरोखर आजोबांचाच होता का, हा प्रश्न प्रोबेट न्यायालय सोडवत नाही. मालकीचा वाद असेल तर वेगळा दिवाणी दावा करावा लागतो. प्रोबेटने फक्त कागदाचा खरेपणा ठरतो, पण तो सगळ्यांवर बंधनकारक असतो.

प्रोबेट घ्यावेच लागते का?

कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांशी संबंधित अनेक मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती होती; पुण्या-नागपुरातल्या मालमत्तेला ती नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलम वगळले. सक्ती गेली, तरी मार्ग खुला आहे. वारसांत वाद असेल, तर प्रोबेट घेणे शहाणपणाचे ठरू शकते. साक्षीदारांबाबतचा नियम तर प्रोबेट घ्या किंवा दिवाणी दावा लढवा, दोन्हीकडे तोच आहे.

गोव्यात उत्तराधिकाराचा कायदा वेगळा आहे. तिथे मुले किंवा आई-वडिलांसारखे हक्काचे वारस असतील, तर साधारणपणे अर्ध्याच मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही.

सह्यांच्या वर काय लिहावे?

ठरावीक नमुना कायद्यात नाही. पण साक्षीदारांच्या सह्यांच्या वर पुढील वाक्य असले आणि ते खरे असले, तर पंधरा वर्षांनी साक्षीदाराची आठवण पुसट झाली तरी कागद त्याला आधार देतो : ‘वरील मृत्युपत्रावर यांनी आम्हा दोघांसमक्ष सही केली आणि त्यानंतर आम्ही दोघांनी त्यांच्यासमक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या.’ खाली दोघांची पूर्ण नावे, पत्ते, तारीख आणि ठिकाण. दोघांना एकाच खोलीत, एकाच वेळी बसवण्याची सक्ती कायदा करत नाही. तरीही तसे बसवले, तर पुढे कोणताही एक साक्षीदार दोघांबद्दल सांगू शकतो.