गवंडी कमी, बिगारी जास्त: टोळी बदलली की मजुरीचा हिशेब कसा बदलतो?

विटांच्या बांधकामाची मजुरी ठरवताना माणसे सुटीसुटी मोजली जात नाहीत, टोळी मोजली जाते. गवंडी ओळंबा आणि दोरी लावून विटा रचतो. बिगारी विटा भिजवतो, माल कालवतो, घमेली पोचवतो. कोणत्या कामाला किती गवंडी आणि किती बिगारी लागतील, हे अनुभवावरून आधी ठरलेले असते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ७२७२ या मानकातही इमारतकामासाठी अशी श्रमप्रमाणे दिलेली आहेत. प्रत्यक्षात मात्र कधी गवंडी मिळत नाहीत, कधी ते दुसऱ्या साइटवर हलवले जातात, आणि त्यांच्या जागी बिगारी उभे करून काम रेटले जाते. या बदलाचा खर्चावर काय परिणाम झाला, हे शोधण्यासाठी परिव्यय लेखांकनात दोन तफावती काढतात. पहिली मिश्रण तफावत, दुसरी उत्पादन तफावत.

एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे हिशेब समजावण्यासाठी धरलेले आहेत. एका कुंपणभिंतीच्या कामाला रोज ४ गवंडी आणि ६ बिगारी अशी १० जणांची टोळी ठरली आहे. गवंड्याचा रोज १,००० रुपये, बिगाऱ्याचा ६००. ही टोळी दिवसाला ५ घनमीटर बांधकाम करील, अशी अपेक्षा आहे. म्हणजे दिवसाची मजुरी ७,६०० रुपये, सरासरीने एका हजेरीला ७६० रुपये आणि एका घनमीटरला १,५२० रुपये. सहा दिवसांच्या आठवड्यात ६० हजेऱ्या लागून ३० घनमीटर काम व्हायला हवे.

आठवडा संपल्यावर हजेरीपट वेगळेच सांगतो. रोज ३ गवंडी आणि ७ बिगारी कामावर होते. हजेऱ्या ६०च भरल्या, पण त्यांत गवंड्यांच्या १८ आणि बिगाऱ्यांच्या ४२. गवंड्यांना रोज १,०५० रुपये द्यावा लागला. एकूण मजुरी ४४,१०० रुपये झाली आणि मोजमापात काम भरले २६ घनमीटर. ठरलेल्या हिशेबाने २६ घनमीटरची मजुरी ३९,५२० रुपये व्हायला हवी होती. म्हणजे ४,५८० रुपये जास्त गेले. ते कुठे गेले, हा प्रश्न आहे.

यातली दरवाढ प्रथम बाजूला काढावी. गवंड्यांच्या १८ हजेऱ्यांना प्रत्येकी ५० रुपये जास्त दिले, त्याचे ९०० रुपये झाले. ही दर तफावत. टोळीच्या रचनेशी तिचा संबंध नाही, म्हणून पुढचा सगळा हिशेब ठरलेल्या दरानेच करायचा. उरले ३,६८० रुपये. त्यांची फोड मिश्रण आणि उत्पादन या दोन तफावतींत होते.

मिश्रण तफावत एकच गोष्ट विचारते: जेवढ्या हजेऱ्या भरल्या तेवढ्याच ठरलेल्या गुणोत्तराने भरल्या असत्या, तर किती खर्च आला असता? ६० हजेऱ्यांत २४ गवंड्यांच्या आणि ३६ बिगाऱ्यांच्या असत्या, तर खर्च ४५,६०० रुपये झाला असता. प्रत्यक्ष मिश्रणाचा खर्च ठरलेल्या दराने ४३,२०० रुपये येतो. म्हणजे २,४०० रुपये वाचले. पडताळा सोपा आहे: सहा हजेऱ्यांपुरता गवंड्याच्या जागी बिगारी आला आणि दर हजेरीमागे ४०० रुपये कमी लागले. ही तफावत अनुकूल आहे.

उत्पादन तफावत दुसरी बाजू दाखवते. ६० हजेऱ्यांतून ३० घनमीटर काम निघायला हवे होते, निघाले २६. तूट ४ घनमीटरची. दर घनमीटरला १,५२० रुपये या हिशेबाने ती ६,०८० रुपयांची होते आणि ती प्रतिकूल आहे. यातून मिश्रणात वाचलेले २,४०० रुपये वजा केले की बरोबर ३,६८० रुपये उरतात.

म्हणून या दोन तफावती नेहमी एकत्र वाचायच्या असतात. नुसती मिश्रण तफावत पाहिली तर स्वस्त टोळी लावणाऱ्याने पैसे वाचवले असे वाटते. नुसती उत्पादन तफावत पाहिली तर कामगारांनी अंग चोरले असे वाटते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. वरच्या उदाहरणात ठरलेल्या टोळीतला गवंडी दिवसाला सव्वा घनमीटर बांधत होता. बदललेल्या टोळीत १८ हजेऱ्यांत २६ घनमीटर झाले, म्हणजे एका गवंड्यामागे सुमारे १.४४ घनमीटर. हाताशी बिगारी जास्त असल्याने त्याला विटेसाठी किंवा मालासाठी थांबावे लागले नसेल. गवंड्यामागचे काम वाढले आणि तरीही एकूण काम घटले, कारण वीट रचणारे हातच कमी होते. ही तूट टोळीच्या आळसाची नाही, टोळी बदलण्याच्या निर्णयाची आहे आणि तिचा जाब तो निर्णय घेणाऱ्याकडेच मागायला हवा.

बदल परवडण्याची सीमाही याच आकड्यांतून काढता येते. वाचलेल्या २,४०० रुपयांना १,५२०ने भागले की सुमारे १.६ घनमीटर येतात. आठवड्याचे काम ३० वरून साधारण २८.४ घनमीटरपर्यंत घसरले असते, तरी बदललेली टोळी तोट्यात गेली नसती. त्याखालच्या प्रत्येक घनमीटरला नुकसान आहे.

या हिशेबात सर्वांत जास्त चूक होते ती रिकाम्या वेळेची. समजा, विटांचा ट्रक आला नाही म्हणून याच टोळीचा एक दिवस फुकट गेला आणि हजेरी मात्र भरली. त्या १० हजेऱ्यांचे ७,२०० रुपये रिकाम्या वेळेची तफावत म्हणून आधीच वेगळे काढले पाहिजेत. मग कामाच्या हजेऱ्या उरतात ५०, त्यांतून अपेक्षित काम २५ घनमीटर आणि झालेले २६. उत्पादन तफावत १,५२० रुपयांनी अनुकूल होते. मिश्रणाची बचत २,००० रुपये येते. गोळाबेरीज तीच, ३,६८० रुपये प्रतिकूल. पण आता दोष टोळीकडे नाही, वीट वेळेवर न पोचण्याकडे जातो. मुकादमाने हजेरीपटात कामाचे आणि थांबलेले तास वेगळे लिहिले नसतील, तर हा फरक नंतर कोणालाही सापडत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. एकाचे काम दुसरा काही प्रमाणात करू शकतो, तिथेच मिश्रण तफावतीला अर्थ असतो. वायरमन आणि प्लंबर यांची अशी अदलाबदल होत नाही, त्यामुळे त्यांची बेरीज करून काढलेला आकडा काहीच सांगत नाही. शिवाय बांधकाम किती झाले हे घनमीटर सांगतात, कसे झाले हे सांगत नाहीत. ओळंब्यात नसलेली भिंत पाडून पुन्हा बांधावी लागली, तर तो खर्च पुढच्या आठवड्याच्या मजुरीत दिसतो. फुटलेल्या विटा आणि वाया गेलेला माल साहित्याच्या तफावतीत दिसतो. म्हणून टोळी बदलल्याचा निकाल देताना हजेरीपट, मोजमाप वही आणि साहित्याची नोंद या तिन्ही एकत्र तपासाव्यात.