किती वेळ थांबायचे, ते उत्तरातच लिहिलेले असते

कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत चाळीस मुले बसली आहेत, असे समजू. सरांनी काम दिले आहे : गिटहबवरच्या एका सार्वजनिक प्रकल्पाची माहिती मागवायची, मग त्याच प्रकल्पातल्या तक्रारींची यादी मागवायची. म्हणजे प्रत्येकाच्या दोन रिक्वेस्ट. एका मुलीची पहिली रिक्वेस्ट व्यवस्थित जाते. दुसरीला मात्र पडद्यावर लाल अक्षरांत उत्तर येते : `429 Too Many Requests`. ती पुन्हा बटण दाबते, पुन्हा तेच. मग पडद्याचा स्क्रीनशॉट काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकते आणि विचारते, ‘मी तर दोनच पाठवल्या, मग जास्त कशा झाल्या?’

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर त्या स्क्रीनशॉटमध्येच असते, फक्त बघायचे कुठे ते ठाऊक हवे.

एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली पद्धत म्हणजे एपीआय. मागणारा तो क्लायंट, देणारा तो सर्व्हर. पोस्टमनसारख्या साधनात रिक्वेस्ट हाताने पाठवून सर्व्हरचे उत्तर बघता येते. मोबाइलमधली ॲप हेच काम आपल्याला न दाखवता दिवसभर करत असतात. सर्व्हरच्या उत्तराचे दोन भाग असतात. एक मजकूर, म्हणजे मागितलेली माहिती किंवा ‘मर्यादा संपली’ असा संदेश. दुसरा भाग हेडरचा : उत्तराबरोबर आलेल्या छोट्या छोट्या नोंदी. बहुतेक जण स्क्रीनशॉट काढतात तो मजकुराचा. उपयोगाची गोष्ट शेजारच्या हेडरच्या टॅबमध्ये असते. तो टॅब उघडला, तर आपल्या उदाहरणात साधारण असे दिसेल :

```
HTTP/2 429
date: Mon, 10 Jun 2024 05:52:05 GMT
x-ratelimit-limit: 60
x-ratelimit-used: 60
x-ratelimit-remaining: 0
x-ratelimit-reset: 1718000000
```

पहिली ओळ निकालाची. ४२९ हा क्रमांक एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ या दस्तऐवजाने वेबच्या नियमांत आणला. त्याचा अर्थ एवढाच की ठरावीक वेळात या क्लायंटकडून फार रिक्वेस्ट आल्या. सर्व्हर बंद पडलेला नाही आणि रिक्वेस्ट लिहिण्यातही चूक नाही. मोजणी कशी करायची, माणसामागे की पत्त्यामागे, तासाला की मिनिटाला, हे त्या दस्तऐवजाने ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर सोडले आहे. गिटहब याच कारणासाठी कधी ४२९ देते, तर कधी ४०३. म्हणून तिथे केवळ क्रमांकावर न जाता `remaining` शून्य झाले आहे का, ते बघावे लागते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. गिटहबकडे आपली ओळख न सांगता माहिती मागितली, तर मर्यादा आहे तासाला ६० रिक्वेस्ट, आणि ती माणसामागे नसून आयपी पत्त्यामागे आहे. प्रयोगशाळेतली सगळी यंत्रे बाहेरच्या जगाला सहसा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. चाळीस जणांच्या ऐंशी रिक्वेस्ट एकाच खात्यावर जमा झाल्या. साठ संपल्या आणि एकसष्टावीपासून नकार सुरू झाला. तिने दोनच पाठवल्या हे खरे, आणि साठ झाल्या हेही खरे. ऑफिस, वसतिगृह, मोठी सोसायटी, जिथे जिथे एकच इंटरनेट जोडणी वाटून घेतली जाते, तिथे असा प्रसंग येतो.

शेवटची ओळ सर्वांत कामाची. `reset` पुढचा दहा आकडी अंक म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या वेळेने मोजलेले सेकंद. १७१८०००००० हा क्षण म्हणजे १० जून २०२४, ग्रिनिचचे सकाळचे ६ वाजून १३ मिनिटे २० सेकंद. आपल्याकडे तेव्हा ११ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद झालेले असतात. उत्तर निघाले तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात ५ वाजून ५२ मिनिटे ५ सेकंद झाले होते, ते `date` च्या ओळीत दिसते. दोन्हींतला फरक २१ मिनिटे १५ सेकंद, म्हणजेच १२७५ सेकंद. त्या आधी पाठवलेली प्रत्येक रिक्वेस्ट वाया जाणार, हे गणितानेच ठरलेले आहे.

हे गणित दिसते सोपे, पण प्रोग्रॅममध्ये ते दोन ठिकाणी हमखास बिघडते. पहिले ठिकाण घड्याळाचे. पुष्कळ प्रोग्रॅम `reset` मधून आपल्या संगणकाची वेळ वजा करतात. संगणकाचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असले, तर तो प्रोग्रॅम पाच मिनिटे आधीच उठतो आणि पुन्हा नकार घेतो. म्हणून वजाबाकी सर्व्हरनेच पाठवलेल्या `date` मधून करावी. दोन्ही वेळा एकाच घड्याळातल्या असल्या, की फरक बरोबर येतो. दुसरी गफलत एककाची. जावास्क्रिप्ट ही भाषा वेळ मिलिसेकंदांत मोजते. तिला हा अंक हजाराने न गुणता दिला, तर ती जानेवारी १९७० मधली तारीख काढते. ती वेळ केव्हाच होऊन गेलेली, म्हणून थांबायचा काळ उणे येतो आणि प्रोग्रॅम क्षणभरही न थांबता रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट सोडत राहतो. नोंदवहीत एकाच सेकंदात डझनावारी ४२९ दिसले, तर आधी हीच शंका घ्यावी. काही सेवा तर `reset` मध्ये घड्याळातली वेळ न देता ‘अजून इतके सेकंद’ असा अंक देतात. हे हेडर सगळीकडे एकाच अर्थाने वापरले जात नाही, त्यामुळे त्या त्या सेवेची माहितीपत्रिका वाचल्याशिवाय अंदाज बांधू नये.

कधी कधी उत्तरात `retry-after` नावाची आणखी एक नोंद असते. तिच्यात सेकंद असतात किंवा पूर्ण तारीख आणि वेळ. ती असेल, तर बाकी हिशेब बाजूला ठेवून तिचेच ऐकायचे. गिटहबमध्ये तासाच्या मर्यादेखेरीज दुसरीही एक मर्यादा आहे : एकाच वेळी शंभराहून जास्त रिक्वेस्ट चालू ठेवल्या, किंवा थोड्या वेळात फार काम लादले, तर तासाचा कोटा शिल्लक असतानाही नकार येतो. मग `remaining` मध्ये चांगला मोठा आकडा दिसतो आणि माणूस गोंधळतो. अशा वेळी क्रम असा ठेवावा : `retry-after` असेल तर तेवढे थांबा. ते नसेल आणि `remaining` शून्य असेल, तर `reset` पर्यंत थांबा. दोन्ही नसतील, तर निदान एक मिनिट थांबा, आणि पुन्हा नकार आला तर दर वेळी थांबायचा काळ वाढवत न्या : एक मिनिट, मग दोन, मग चार. काही प्रयत्नांनंतर नाद सोडून द्यावा. मर्यादा ओलांडूनही रिक्वेस्ट पाठवत राहणाऱ्या प्रोग्रॅमवर बंदी येऊ शकते, असे गिटहबने स्पष्ट सांगितलेले आहे.

आता समजा, प्रयोगशाळेतल्या चाळीसही प्रोग्रॅमनी हे सगळे नीट पाळले. सगळ्यांनी एकच `reset` वाचला, सगळे ११ वाजून ४३ मिनिटे २० सेकंदांपर्यंत शहाण्यासारखे थांबले, आणि त्याच सेकंदाला सगळे एकदम तुटून पडले. दहाच्या ठोक्याला तत्काळ तिकिटांची खिडकी उघडते तेव्हा होते, तसेच हे. ऐंशी रिक्वेस्ट, जागा साठ. वीस जणांना पुन्हा नकार, आणि या वेळी पुढचा तासभर. शिवाय सर्व्हरला त्या एका क्षणी सगळा भार सोसावा लागतो, तो वेगळाच. म्हणून जाणकार प्रोग्रॅमर सांगितलेल्या वेळेत थोडा यादृच्छिक वेळ मिळवतात. या युक्तीला जिटर म्हणतात. १२७५ सेकंद थांबायचे, अधिक शून्य ते साठ यांमधला कोणताही एक आकडा. कुणी १२८१ सेकंदांनी उठेल, कुणी १३२० सेकंदांनी. गर्दी आपोआप पांगते. वेळ मिळवायची ती नेहमी पुढेच. सांगितल्यापेक्षा आधी कधीच उठायचे नाही.

पण जिटरने गर्दी पांगते, जागा वाढत नाहीत. ऐंशी रिक्वेस्ट साठांत बसणार नाहीत त्या नाहीतच. तिथे मागणीच कमी करावी लागते किंवा हक्काचा कोटा घ्यावा लागतो. गिटहबवर खाते उघडून टोकन घेतले आणि रिक्वेस्टबरोबर पाठवले, की मोजणी पत्त्यामागे न होता त्या खात्यामागे होते आणि मर्यादा तासाला ५००० होते. वर्गातल्या प्रत्येकाने आपापले टोकन वापरले, तर हा प्रश्न उरतच नाही.

मागणी कमी करायचा मार्गही साधा आहे. सर्व्हर माहितीबरोबर `etag` नावाची खूण पाठवतो. पुढच्या वेळी क्लायंटने ती खूण `if-none-match` या हेडरमध्ये परत पाठवली, म्हणजे ‘यानंतर काही बदलले असेल तरच दे’ असे विचारल्यासारखे होते. काही बदलले नसेल, तर ३०४ हे रिकामे उत्तर येते आणि क्लायंट आधी साठवलेली प्रत वापरतो. टोकनसह विचारले असेल, तर गिटहब असे ३०४ तासाच्या कोट्यात धरत नाही. दर पाच मिनिटांनी तेच पान तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा बहुतेक खर्च यातून वाचतो.

चांगला क्लायंट तर ४२९ येईपर्यंत वाटच बघत नाही. `remaining` आणि `reset` या नोंदी यशस्वी उत्तरातही असतात. अर्धा तास उरला आहे आणि वीस रिक्वेस्ट शिल्लक आहेत असे दिसले, तर १८०० भागिले २०, म्हणजे दर ९० सेकंदांनी एक, असा वेग त्याने आपणच धरावा. मात्र आयपी पत्ता वाटून घेतलेला असेल, तर हे गणित पुरे पडत नाही, कारण शिल्लक आकडा दुसरेही खर्च करत असतात. तिथे प्रत्येक उत्तरानंतर तो नव्याने वाचावा लागतो.

ॲप वापरणाऱ्या माणसाला यातले काही माहीत असण्याची गरज नाही, पण त्याला अंधारातही ठेवू नये. ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ हा संदेश इथे सर्वांत वाईट, कारण तो नेमके जे करू नये तेच करायला सांगतो. वेळ हातात आहे, तर ती सांगावी : ‘११:४४ नंतर माहिती आपोआप येईल’. आणि तोवर पुन्हा पाठवायचे बटण बंद ठेवावे.

मदत मागण्यासाठी स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. हेडरचा टॅब उघडून मग चित्र काढावे, म्हणजे `date`, `remaining`, `reset` आणि असल्यास `retry-after` एका नजरेत दिसतील. आणि रिक्वेस्टच्या बाजूला `authorization` च्या ओळीत टोकन दिसत असेल, तर ते पूर्ण झाकावे. ते टोकन ज्याच्या हाती पडेल, तो तुमच्या नावाने रिक्वेस्ट पाठवू शकतो. चुकून पाठवलेच गेले असेल, तर चित्र पुसून भागत नाही. गिटहबच्या सेटिंगमध्ये जाऊन ते टोकन लगेच रद्द करावे आणि नवे घ्यावे.