फेसाच्या तुऱ्यांवरून वाऱ्याचे माप

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्ट यांनी वाऱ्याला शून्य ते बारा असे अंक दिले, तेव्हा जहाजावर किती शिडे टिकतील हा मुख्य निकष होता. शिडांचे युग सरल्यावर त्याच अंकांना समुद्राच्या रूपाची वर्णने जोडली गेली. लहान होडीच्या दृष्टीने त्यांतले तीन ते सहा हे अंकच निर्णायक ठरतात.

तिसऱ्या अंकात, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर वाऱ्यात, लाटांचे माथे नुकतेच फुटू लागतात; फेसाचा पांढरा तुरा क्वचित कुठे दिसतो. चौथ्यात (२० ते २८) तुरे वारंवार दिसू लागतात. पाचव्यात (२९ ते ३८) ते सर्वत्र असतात, तुषार उडू लागतात आणि उघड्या होडीत पाणी येऊ लागते. सहाव्यात (३९ ते ४९) लाटा मोठ्या होऊन फेसाळ माथे दूरवर पसरतात. हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात ताशी ४५ किलोमीटर वारा म्हटलेला असतो, तो हाच. सहा मीटरच्या होडीने त्याआधीच किनारा गाठलेला बरा.

अंगाला जाणवणारा वारा मात्र फसवतो. समजा, उन्हाळ्यातल्या दुपारी एक होडी मालवणहून दक्षिणेला निवतीकडे निघाली आहे. वायव्येचा वारा ताशी २६ किलोमीटर, म्हणजे चौथ्या अंकाचा, आणि तो जवळजवळ पाठीमागून येतो. होडीचा वेग १२. होडीतल्या माणसाला सुमारे १४ चाच वारा जाणवतो. त्याला तो तिसरा अंक वाटतो. परतताना तोच वारा समोरून जवळपास ३८ चा भासतो, आणि आता होडीचे नाक प्रत्येक लाटेवर आपटते. वारा तसूभरही वाढलेला नसतो.

खरे उत्तर पाण्यावर असते, पण तेही नीट पाहावे लागते. वाऱ्याबरोबर जाताना डोळ्यांपुढे लाटांची पाठ असते आणि फेस तर पुढच्या अंगावर फुटतो. म्हणून तुरे मोजायचे, तर मागे वळून वाऱ्याच्या दिशेने पाहावे.

या वर्णनांनाही मर्यादा आहेत. ती खुल्या समुद्राची आहेत. जमिनीवरून वारा सुटला, तर लाट उठायला अंतरच मिळत नाही. काठालगत पाणी सपाट दिसते आणि वाऱ्याचे खरे रूप दूर गेल्यावर कळते. मुसळधार पाऊसही लाटांचे माथे दाबतो. याउलट देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला भिडते, तेव्हा लाटा आखूड, उभ्या होतात आणि चौथ्या अंकाच्या वाऱ्यातही पाचव्याहून वाईट फुटतात. अशा वेळी मुखात न शिरता ओहोटी सरेपर्यंत बाहेर खोल पाण्यात थांबणे अधिक सुरक्षित असते. मात्र तेवढे इंधन आणि तेवढा उजेड शिल्लक हवा.